आभार नव्हे, नोंद : प्रबंधात भाषा-मॉडेलचा उल्लेख कुठे आणि कसा करायचा

 

हल्ली प्रबंधांचे मसुदे वाचताना मनोगताच्या शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य हमखास भेटतं. आई-वडील झाले, मार्गदर्शक झाले, ग्रंथालयातले कर्मचारी झाले, आणि मग : ‘या कामी चॅटजीपीटीची मोलाची मदत झाली, त्याबद्दल मनःपूर्वक आभार.’ वाक्य लिहिणारा प्रामाणिक असतो, त्याला काही लपवायचं नसतं. तरीही हे वाक्य परीक्षकाला काहीच सांगत नाही. मदत कसली? शुद्धलेखनाची, की आख्खं चौथं प्रकरण लिहून घेतलं? दोन्हींना हेच वाक्य लागू पडतं, आणि अडचण तिथेच आहे.

गोंधळाचं मूळ एका इंग्रजी शब्दात आहे, अ‍ॅक्नॉलेजमेंट. त्या शब्दात दोन गोष्टी एकत्र नांदतात. एक आभार मानणं, दुसरी कबूल करणं, नोंदवणं. आपल्याकडे या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत, पण प्रबंधात आपण तो सगळा विभाग ‘ऋणनिर्देश’ म्हणून भाषांतरित करून टाकला आणि कबुलीची बाजू गळाली. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची एक आंतरराष्ट्रीय समिती आहे, आयसीएमजेई. तिने आपल्या शिफारशींत सांगितलं की लेखनासाठी अशा साधनाची मदत घेतली असेल तर ती अ‍ॅक्नॉलेजमेंट विभागात लिहा, आणि विदा गोळा करायला किंवा विश्लेषणाला घेतली असेल तर ती पद्धतीच्या विभागात लिहा. इथे तो शब्द नोंदवण्याच्या अर्थाने आहे. आपण तो वाचतो आणि मशीनचे आभार मानून मोकळे होतो.

गंमत म्हणजे त्याच शिफारशींमध्ये असंही आहे की ज्या माणसांची नावं तुम्ही त्या विभागात घेता, त्यांची लेखी संमती घ्यावी, कारण नाव आलं की त्यांचा तुमच्या निष्कर्षांना पाठिंबा आहे असा समज होतो. जुन्या प्रबंधांत टंकलेखकाचे आभार असायचे. तो टंकलेखक ‘माझं नाव घालू नका’ असं म्हणू शकत होता. भाषा-मॉडेल होही म्हणू शकत नाही आणि नाहीही. म्हणून माझं मत असं की ऋणनिर्देशात त्याचं नाव घेऊच नये. त्याची जागा दुसरीकडे आहे. किंबहुना तीन ठिकाणी आहे, आणि तीन ठिकाणी तीन वेगळी कामं आहेत.

हे एका उदाहरणातून पाहू. उदाहरण मी बनवलेलं आहे आणि आकडे सोयीसाठी धरलेत. समजा, महाराष्ट्राबाहेरच्या एका विद्यापीठात एक मुलगी मराठीत पीएच.डी. करते आहे. विषय : बृहन्महाराष्ट्रातल्या मराठी मंडळांच्या वार्षिक स्मरणिका. तिच्याकडे चाळीस स्मरणिका आहेत, त्यांत सगळे मिळून साडेतीनशे लेख. तिने भाषा-मॉडेल चार कामांना वापरलं. एक, स्वतः लिहिलेल्या प्रकरणांचं शुद्धलेखन आणि इंग्रजी सारांश. दोन, साडेतीनशे लेखांची विषयवार विभागणी. तीन, मंडळांबद्दल मॉडेलला एक प्रश्न विचारून आलेलं उत्तर तिने पाचव्या प्रकरणात अवतरण म्हणून दिलं. आणि चार, ‘या विषयावर आधी कोणी काय लिहिलंय’ असं विचारून संदर्भांची यादी मागितली.

तिच्या मनोगतातही सुरुवातीला तेच एक आभाराचं वाक्य होतं असं धरू. ते काढून टाकायचं आणि एकेक काम सोडवत जायचं.

पहिलं काम, भाषा तपासणं. यासाठी संदर्भसूचीत नोंद लागत नाही. संदर्भ आपण मजकुराचा देतो, आणि इथे मजकूर तिचाच आहे. पण सांगावं मात्र लागतं, आणि त्याचं कारण आपल्या नियमांत आहे. युजीसीचे वाङ्मयचौर्य रोखण्याबाबतचे २०१८चे विनियम आहेत. ते आले तेव्हा चॅटजीपीटी बाजारात यायला चार वर्षं होती, त्यामुळे त्यांत त्याचा उल्लेख नाही. वाङ्मयचौर्याची तिथली व्याख्या ‘दुसऱ्या कोणाचं’ काम किंवा कल्पना आपली म्हणून दाखवणं अशी आहे. यावर हुशार विद्यार्थी लगेच म्हणतो, मॅडम, मशीन म्हणजे ‘दुसरं कोणी’ नव्हेच! ठीक आहे, व्याख्येत अडकू नका. त्याच विनियमांनुसार विद्यार्थ्याला एक हमीपत्र द्यावं लागतं, की हा दस्तऐवज मी तयार केला आहे आणि हे माझं मूळ काम आहे. सही तुमची असते. त्या सहीला जपायचं असेल तर काय तुम्ही केलं आणि काय करून घेतलं, ही रेघ प्रबंधात कुठेतरी दिसायला हवी. शुद्धलेखनाच्या बाबतीत ती एका वाक्यात दिसते, पुरे.

इंग्रजी सारांशाचं मात्र थोडं वेगळं आहे. तिने मराठी सारांश लिहिला, मॉडेलकडून इंग्रजी करून घेतला आणि वाचून दुरुस्त केला. तर तसंच लिहायचं : ‘मराठी सारांशाचे इंग्रजी भाषांतर अमुक साधनाने केले व मी तपासले.’ तिने तो तपासलाच नसेल, तर ‘तपासले’ हा शब्द लिहायचा नाही. मौखिक परीक्षेत परीक्षक पहिलं बोट त्यावरच ठेवतात, कारण बाहेरच्या परीक्षकाने अनेकदा सगळ्यात आधी इंग्रजी सारांशच वाचलेला असतो.

दुसरं काम, साडेतीनशे लेखांची विभागणी. हे लेखनाचं साहाय्य नव्हे, हा संशोधनाचा भाग आहे. याची जागा मनोगतात नाही, संशोधन पद्धतीच्या प्रकरणात आहे. तिथे काय लिहायचं? मॉडेलला काय दिलं : प्रत्येक लेखाचं शीर्षक आणि पहिला परिच्छेद, पूर्ण लेख नव्हे. काय सांगितलं : सूचनेचा शब्दशः मजकूर, परिशिष्टात. कोणते गट दिले आणि ते कोणी ठरवले : सण-उत्सव, आठवणी, स्थानिक इतिहास, साहित्य, मंडळाचं कामकाज, आणि हे पाच गट तिने स्वतः वाचून ठरवले. कोणतं मॉडेल, कोणत्या तारखांना. आणि शेवटी, तपासणी कशी केली.

या शेवटच्या भागावर थांबते थोडी, कारण बहुतेक मसुद्यांत तो नसतोच. समजा तिने साडेतीनशेतले पन्नास लेख चिठ्ठ्या टाकून निवडले, मॉडेलचा गट झाकून ठेवला, स्वतः वाचून गट ठरवला आणि मग दोन्ही शेजारी ठेवले. चाळीस जुळले, दहा जुळले नाहीत. त्या दहांमध्ये सात लेख ‘आठवणी’चे होते आणि मॉडेलने ते ‘सण-उत्सव’मध्ये टाकले होते. का? कारण पहिल्या परिच्छेदात गणपती होता, आणि पुढे सगळा लेख वडिलांच्या बदलीच्या गावाबद्दल होता. म्हणजे चूक कुठे होते हेही कळलं. आता तिला ‘सण-उत्सव’ गटातले सगळे लेख पुन्हा हाताने वाचावे लागतील आणि तसं लिहावं लागेल. हे लिहिल्याने प्रबंध कमकुवत होत नाही. न लिहिता कोणी एका स्मरणिकेचा लेख उघडून विचारलं, तर होतो.

तिसरं काम, अवतरण. इथे खरी संदर्भनोंद लागते. पण त्याआधी एक प्रश्न विचारायचा : मला मॉडेलने सांगितलेली माहिती हवी आहे, की मॉडेल असं सांगतं हाच माझा पुरावा आहे? माहिती हवी असेल तर मॉडेल हा तिचा स्रोत नव्हे. मूळ पुस्तक, मूळ लेख शोधायचा, वाचायचा, त्याचा संदर्भ द्यायचा. आपल्या मुलीच्या बाबतीत मात्र दुसरा प्रकार होता. तिने विचारलं, ‘महाराष्ट्राबाहेरची मराठी मंडळे काय करतात?’ उत्तरात गणेशोत्सव, खाद्यमहोत्सव, नाट्यप्रयोग एवढंच आलं. तिच्या चाळीस स्मरणिकांत शाळा होत्या, वाचनालयं होती, अंत्यविधीसाठी मदत करणाऱ्या समित्या होत्या. मंडळांची सार्वजनिक प्रतिमा किती अपुरी आहे, हे दाखवायला तिने ते उत्तर उद्धृत केलं. हा वापर रास्त आहे, आणि त्याला संदर्भ द्यायलाच हवा.

आता तो द्यायचा कसा? संदर्भ आपण मुळात कशासाठी देतो ते आठवा. वाचकाला तो मजकूर पुन्हा सापडावा, आणि त्याची जबाबदारी कोणाची ते कळावं. भाषा-मॉडेलच्या बाबतीत दोन्ही डळमळतं. तोच प्रश्न तुम्ही उद्या विचारलात तर उत्तर वेगळं येईल. आणि त्या उत्तराला जबाबदार असा लेखक नाही. तीन मोठ्या शैलींनी २०२३च्या वसंतात यावर तीन तोडगे काढले, आणि तिघांचं तर्कशास्त्र वेगळं आहे. ते कळलं की पाठांतर करावं लागत नाही.

एपीए म्हणाली, मजकूर एका संगणकीय प्रणालीने दिला, तर ती प्रणाली ज्यांनी बनवली ती कंपनी लेखकाच्या जागी लिहा. मुलाखत किंवा खासगी पत्रव्यवहार मानू नका, कारण समोर माणूस नव्हता. त्यांच्या २०२३च्या साच्यात तिची नोंद अशी होईल :

```
OpenAI. (2024). ChatGPT (GPT-4o) [Large language model].
https://chatgpt.com
```

एमएलए म्हणाली, लेखकाची जागा रिकामीच सोडा. त्याऐवजी तुम्ही विचारलेला प्रश्न शीर्षकाच्या जागी घाला. म्हणजे नोंद प्रश्नापासून सुरू होते, आणि मजकुरात कंसात त्याच प्रश्नाचे पहिले दोन-तीन शब्द येतात :

```
"महाराष्ट्राबाहेरची मराठी मंडळे काय करतात?" prompt. ChatGPT,
version GPT-4o, OpenAI, 12 June 2024, chatgpt.com.
```

शिकागो म्हणाली, तळटीप द्या आणि सोडून द्या. वाचकाला उघडता येईल असा सार्वजनिक दुवा नसेल तर ग्रंथसूचीत घालूच नका :

```
Text generated by ChatGPT, OpenAI, June 12, 2024,
https://chatgpt.com.
```

तिन्हींत काय गळतं तेही पाहा. एपीएच्या नोंदीत प्रश्न नाही आणि दिवस नाही, फक्त वर्ष आहे. म्हणून एपीए वापरणाऱ्याने प्रश्न मजकुरात लिहायचा आणि पूर्ण उत्तर परिशिष्टात द्यायचं. शिकागोतही प्रश्न नाही. तोही मजकुरात आला पाहिजे, नाहीतर तळटीपेत. एमएलएत प्रश्न आहे, तारीख आहे, पण उत्तर तिथेही नाही. आणि तिन्हींतला तो पत्ता? वाचकाने तो उघडला की त्याच्यासमोर नवी कोरी खिडकी येते, तुमचा संवाद नव्हे. शिवाय पत्तेही हलतात. २०२३मध्ये सगळे chat.openai.com लिहीत होते, पुढच्या वर्षी तेच chatgpt.com झालं. तेव्हा कोणतीही शैली घ्या, उत्तराची प्रत परिशिष्टात असल्याशिवाय संदर्भ पुरा होत नाही. या शैलींच्या सूचना अधूनमधून सुधारल्या जातात, त्यामुळे प्रबंध बांधणीला देण्याआधी त्या शैलीच्या संकेतस्थळावर एकदा पुन्हा डोकावा.

एक बारीक खोच. झोटेरोसारखं साधन वापरत असाल तर कंपनीचं नाव लेखकाच्या एकाच चौकटीत भरा. आडनाव आणि नाव अशा दोन चौकटींत ‘गूगल डीपमाइंड’ भरलंत, तर सूचीत ‘डीपमाइंड, जी.’ असा एक गृहस्थ जन्माला येतो.

मराठीतून लिहिलेल्या प्रबंधात काय करायचं? आपल्याकडे सर्वमान्य अशी एक शैली नाही, प्रत्येक विभागाचा आपला रिवाज असतो. मी सुचवते ते असं : ‘ओपनएआय, चॅटजीपीटी (जीपीटी-४ओ), भाषा-मॉडेल. प्रश्न : “महाराष्ट्राबाहेरची मराठी मंडळे काय करतात?” दि. १२ जून २०२४. पूर्ण उत्तर : परिशिष्ट ३.’ आपल्या संदर्भसूचीत मराठी ग्रंथ, इंग्रजी ग्रंथ, नियतकालिके, मुलाखती, संकेतस्थळे असे भाग असतात. यातल्या ‘मुलाखती’त ही नोंद टाकू नका, हसू होईल. ‘संकेतस्थळे’ही बरोबर नाही, कारण तिथे जाऊन ते वाचता येत नाही. ‘संगणकीय साधने’ असा लहानसा वेगळा भाग करा, त्यात एकच नोंद असली तरी चालेल.

यात ‘चॅटजीपीटी’ हे अ‍ॅपचं नाव आहे आणि ‘जीपीटी-४ओ’ हे आतल्या मॉडेलचं, हे लक्षात ठेवा. अ‍ॅप तेच राहतं आणि आतलं मॉडेल बदलत जातं. नुसतं अ‍ॅपचं नाव लिहिणं म्हणजे पुस्तकाची आवृत्ती न सांगता पृष्ठ क्रमांक देण्यासारखं आहे.

चौथं काम राहिलं, संदर्भांची यादी. समजा मॉडेलने आठ लेख दिले. नावं पटण्यासारखी, नियतकालिकं ओळखीची, वर्ष, अंक, पृष्ठं, सगळं व्यवस्थित. तिने त्यातले तीन थेट सूचीत घातले. हे तीन सापडतात का ते पाहायचं. नियतकालिक खरं आहे, पण त्या वर्षीच्या अंकाच्या अनुक्रमणिकेत तो लेख नाही. दुसऱ्यात लेखक खरे आहेत, पण त्या नावाचा लेख त्यांनी लिहिलेलाच नाही. अशी बनावट नोंद ओळखायची खूण म्हणजे तिचे तुकडे खरे असतात आणि जोड खोटा असतो. म्हणून लेखकाचं नाव शोधून समाधान मानू नका, लेखच हातात घ्या. अंक मिळाला नाही तर नोंद काढून टाका.

इथे कोणीतरी विचारतं, मग या यादीसाठी मॉडेलचा संदर्भ दिला तर चालेल ना? नाही. न वाचलेल्या लेखाची जबाबदारी मॉडेलच्या नावावर टाकता येत नाही. कोप नावाची संस्था संशोधन-प्रकाशनातल्या नैतिकतेचं काम पाहते. तिने फेब्रुवारी २०२३मध्ये स्पष्ट म्हटलं की अशी साधनं लेखक होऊ शकत नाहीत, कारण ती कामाची जबाबदारी घेऊ शकत नाहीत. जबाबदारी घेता न येणाऱ्यावर ती ढकलताही येत नाही.

आता ते निवेदन. मनोगताच्या शेवटी आभारांच्या रांगेत नको, वेगळं शीर्षक देऊन : ‘भाषा-मॉडेलच्या वापराविषयी’. आपल्या मुलीचं असं होईल :

‘या प्रबंधातील प्रकरणे मी स्वतः लिहिली आहेत. शुद्धलेखन तपासण्यासाठी व मराठी सारांशाच्या इंग्रजी भाषांतरासाठी मी जून ते ऑगस्ट २०२४ या काळात चॅटजीपीटी (जीपीटी-४ओ) वापरले. सुचवलेले बदल मी वाचून स्वीकारले वा नाकारले. स्मरणिकांतील लेखांच्या प्राथमिक विभागणीसाठी त्याच साधनाचा वापर केला. त्याची पद्धत, तपासणी व आढळलेल्या चुका प्रकरण २ मध्ये दिल्या आहेत. प्रकरण ५ मध्ये त्याचे एक उत्तर उद्धृत केले असून पूर्ण मजकूर परिशिष्ट ३ मध्ये आहे. संदर्भसूचीतील सर्व लेखन मी प्रत्यक्ष पाहिले आहे.’

यात ‘मोलाची मदत’ नाही, कृतज्ञता नाही. काम, काळ, साधन आणि तपासणी आहे. शेवटचं वाक्य सगळ्यात महाग आहे. ते खरं असेल तरच लिहा.

हे निवेदन मनोगतात असूनही तीच गोष्ट प्रकरण २मध्ये पुन्हा का लिहायची, असं वाटेल. कारण आपले प्रबंध शोधगंगेवर जातात आणि तिथे ते एका सलग फाइलमध्ये नसतात. मुखपृष्ठ, प्रमाणपत्रं, सुरुवातीची पानं, एकेक प्रकरण, असे वेगवेगळे पीडीएफ असतात. उद्या कोणी फक्त प्रकरण २ उतरवून घेईल आणि त्यातले तक्ते वापरेल. मनोगताची फाइल तो उघडणारही नाही. म्हणून तक्त्याखालीसुद्धा एक ओळ हवी : ‘प्राथमिक विभागणी भाषा-मॉडेलने, पाहा २.४.’ आणखी एक : युजीसीच्या त्या विनियमांनुसार साम्य-तपासणीतून मनोगत, ऋणनिर्देश आणि संदर्भसूची वगळतात. तेव्हा निवेदन लांबलं म्हणून टक्केवारी वाढेल, ही भीती नको.

परिशिष्टात संवाद देताना मात्र जपून. तिने जर कार्यकर्त्यांच्या मुलाखतींचं टिपण मॉडेलमध्ये डकवलं असेल, तर त्यांची नावं, फोन, घरची भांडणं सगळं त्या संवादात आहे. अशा संवादाचा सार्वजनिक दुवा देऊ नका. नावं झाकून मजकूर छापा, आणि झाकल्याचं सांगा. मुळात मुलाखत देणाऱ्याची त्याला परवानगी होती का, हा प्रश्न तर आधीचाच.

शेवटी, मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. ‘मी नोंद ठेवलीच नाही, संवाद पुसले गेले, आता काय?’ तारखा आणि मॉडेल रचून लिहू नका. लिहा : ‘साधारण २०२४च्या उत्तरार्धात वापर केला, संवाद जतन केलेले नाहीत.’ शुद्धलेखनासाठी एवढं चालतं. विभागणी असेल, तर ती पुन्हा करावी लागेल, या वेळी नोंद ठेवून. आणि ज्याची प्रत दाखवता येत नाही असं अवतरण असेल, तर ते प्रकरणातून काढून टाका.